सायकलचा रंग

२०२२ साली आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यानिमित्त घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलं. आमच्या बालपणाचं प्रकरण आम्हा दोघा भावंडांकडे आलं. दादाने "तू लिही, तुला जमतं" म्हणून अंग काढून घेतलं. मीही लगेच बसले. आठ दिवसांत अकरा पानं झाली. इतक्या झरझर लिहून होतंय तेव्हाच संशय यायला हवा होता.

आम्ही इंदूरला रामबागेत दोन खोल्यांत राहायचो. अण्णा कापड गिरणीत कारकून. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आमच्या भांडणाचं मूळ म्हणजे सायकल. १९७९ मध्ये ती दादाला मिळाली, मला नाही. मी नववीत होते, शाळेत पायी जायचे. हे मी चाळीस वर्षं मनात धरून होते आणि अकरांपैकी चार पानं त्यातच गेली.

पहिली चूक अशी झाली की ती पानं मी दादाला न दाखवता घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मावसबहिणींनी हसण्याची चित्रं पाठवली, एकीने "दादा, काय रे हे!" असं लिहिलं. दादाने काहीच लिहिलं नाही. तो सुदामानगरला राहतो आणि दर रविवारी आईकडे येतो. पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले नाहीत. निघताना चपला घालत म्हणाला, "बेबी, मी वाईट होतो हे ठीक आहे. पण अण्णांचा पट्टा कुठे गेला तुझ्या लेखात?"

मला आधी कळेचना. मग त्याने सांगितलं. तो अकरावीत असताना एकदा शाळा बुडवून रीगलला सिनेमा बघायला गेला होता. मी अण्णांना सांगितलं. मी सांगितल्याचं मला आठवत होतं, लेखात मी तो प्रसंग विनोद म्हणून घातलाही होता. पुढे काय झालं ते मात्र मला खरंच आठवत नव्हतं. त्याला अण्णांनी पट्ट्याने मारलं होतं. मी तेव्हा घरात होते, असं तो म्हणतो.

त्या रात्री मी पानं परत काढली. सायकलच्या भागातल्या वाक्यांखाली तीन प्रकारच्या रेघा मारल्या. स्वतः पाहिलेलं असेल तिथे लाल, कोणाकडून ऐकलेलं असेल तिथे निळी, आणि माझा नुसता अंदाज असेल तिथे पेन्सिलची. बावीस वाक्यांपैकी नऊ पेन्सिलची निघाली. 'तो मुद्दाम माझ्यासमोरून सायकल न्यायचा' असं एक वाक्य होतं. सायकल समोरून न्यायचा हे मी पाहिलं होतं. 'मुद्दाम' हे माझं. आमच्या घराला दार एकच होतं, दुसरीकडून नेणार कुठून? 'नेहमी' हा शब्द चौदा वेळा आला होता. प्रत्येक 'नेहमी'च्या जागी एक तरी ठरावीक दिवस आठवतो का ते बघितलं. पाच ठिकाणी आठवला, ते प्रसंग ठेवले. बाकीचे नऊ 'नेहमी' वाक्यांसकट गेले.

एक तक्रार तर तारखांनीच मोडली. मी लिहिलं होतं की दादा सायकलवर हिंडायचा आणि मी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून कळशीने पाणी भरायचे. वाचणाऱ्याला माझी दया यावी असंच ते वाक्य होतं. आई म्हणाली, "अगं, नर्मदेचं पाणी आल्यावर कळशी बंद झाली." इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं. सायकल आली त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे कळशी खरी होती, सायकलही खरी होती, पण दोन्ही एकत्र कधीच नव्हती. ती गाठ मी माझ्या मनात बांधली होती. कळशीच्या दिवसांत पाणी दादाही भरायचा, हे आईने न विचारता सांगितलं.

मग आईने ट्रंकेतून अण्णांची जमाखर्चाची वही काढून दिली. ऑगस्ट १९७९ च्या पानावर 'सायकल ३४०' आहे आणि त्याखाली 'उसने २००' आहे. कोणाकडून ते नाही. त्याच पानावर 'बेबी, गाण्याचा क्लास १५' आहे, आणि तो आकडा पुढे प्रत्येक महिन्यात आहे. तो क्लास मी माझ्या हिशोबात कधी धरलाच नव्हता. वहीने वाद मिटवला असं म्हणणार नाही. अण्णांनी सायकल त्यालाच का दिली ते त्यात नाही. सगळा दोष अण्णांवर ढकलून आम्ही दोघं मोकळे व्हावं, असा मोह मला झाला होता. ते आता उत्तर द्यायला नाहीत, तेव्हा सोयीचंही होतं. पण उसने घेतलेले दोनशे रुपये बघितल्यावर हात धजेना.

दुसरा खर्डा पार दुसऱ्या टोकाला गेला. त्यात सगळ्या चुका माझ्या आणि दादा साधुपुरुष. एक प्रसंग तर मी दादाच्या तोंडून, 'मी' म्हणून लिहून बघितला. दोन परिच्छेदांतच माझ्या लेखातला दादा माझी माफी मागायला लागला! ते फाडून टाकलं. या वेळी मात्र पानं ग्रुपवर न टाकता त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवली. तो म्हणाला, "ही तर माझी आरती झाली. तुला राग आला होता ना? मग तो काढतेस कशाला?"

म्हणून तिसऱ्या खर्ड्यात राग परत आला. सायकल दोघांत मिळून हवी होती असं मला आजही वाटतं, आणि ते मी तसंच लिहिलं. फक्त 'मला वाटतं' म्हणून लिहिलं. पट्ट्याचा प्रसंग त्याच्या शब्दांत घातला आणि खाली लिहिलं की मला हे आठवत नाही. माझी चित्रकलेची वही फाटली होती, ती त्यानेच फाडली अशी माझी खात्री आहे. त्याला ते मुळीच आठवत नाही. तिथेही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली, खरं कोणाचं ते ठरवलं नाही. एक गोष्ट त्याने काढायला सांगितली. ती काढल्यावर माझी बाजू थोडी लंगडी पडत होती, तरी काढली. इथेही ती लिहिलेली नाही.

शेवटचा खर्डा दादाने चष्मा लावून, पेन घेऊन वाचला. मला भीती होती ती पट्ट्याच्या परिच्छेदाची. तिथे त्याने फक्त एक स्वल्पविराम घातला. सायकलच्या पानावर मात्र थांबला. मी लिहिलं होतं, काळी सायकल. तो म्हणाला हिरवी होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठाऊक, मी कधी बसले त्यावर?" वहीत रंग लिहिलेला नाही. पुस्तिकेच्या साठ प्रती छापल्या, त्यात नुसतं 'सायकल' आहे.