कढईतली पाल

मागच्या रविवारी रात्री पाणी प्यायला किचनमध्ये गेले आणि किंचाळलेच. ओट्यावरच्या नव्याकोऱ्या नॉनस्टिक कढईत पाल! रूममेट झाडू घेऊनच धावत आली. दोघी दारात उभ्या. पाल दोन पावलं चढायची आणि सर्रकन खाली घसरायची. रोज छताला उलटी लटकून ट्यूबलाइटभोवतीचे किडे मटकावणारी ही बया, आणि हिला वीतभर कढई चढता येईना?

"आजारी असेल गं," रूममेट म्हणाली. झाडू तसाच उगारलेला.

आजारी नव्हती ती. पालीच्या पायाला डिंक नसतो, की हवा शोषून धरणारी वाटीही नसते. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर केसांची दाट लव. आपल्या ईशान्य भारतातही सापडणाऱ्या टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात. प्रत्येक केस मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, आणि त्याच्या टोकाला शेकडो चपट्या फाट्या. त्या इतक्या बारीक की भिंतीच्या अगदी रेणूंना जाऊन भिडतात. इतक्या जवळ आलेल्या कुठल्याही दोन वस्तूंमध्ये एक हलकी ओढ असते, तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. एका फाटीची ओढ नगण्य, पण अशा कोट्यवधी एकत्र आल्या की पाल लटकते. अमेरिकेतल्या केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एका सुट्या केसाचा जोर मोजला. केस नुसता टेकवून भागेना. आधी किंचित दाबायचा, मग अगदी सूतभरही नाही इतका ओढायचा, तेव्हा कुठे तो घट्ट धरायचा.

मग एवढं चिकटलेलं पाऊल सुटतं कसं? मला हेच जास्त भारी वाटतं. केसाचा पृष्ठभागाशी असलेला कोन 30 अंशांच्या आसपास गेला की पकड आपोआप सुटते. म्हणून पाल बोटं टोकाकडून वरच्या बाजूला वळवत, सेलोटेप सोलावी तशी उचलते. जोर लावावाच लागत नाही.

आणि कढई? तिचा थर टेफ्लॉनचा. त्यातला फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके आवळून धरतो की ती रेणूंची ओढ फारच दुबळी पडते. डोसा ज्याला चिकटत नाही, त्यावर कोरड्या पायांच्या पालीचाही टिकाव लागत नाही.

हे सगळं मी झाडूवाल्या बाईला कुजबुजत सांगितलं. ऐकलं तिने, पण झाडू खाली ठेवला नाही. शेवटी मीच लांबून लाकडी उलथनं कढईत तिरकं टेकवलं. पाल क्षणभर थबकली, मग उलथन्यावरून सुसाट भिंतीवर आणि तिथून कॅलेंडरमागे.

कढई रूममेटने तीनदा घासली. तीही तारेच्या घासणीने.