घंटागाडीत गेलेला खोका

लग्नसराईतली गोष्ट. शनिवारी सकाळी एका ओळखीच्याचा फोन. "दादा, बहिणीचा चेहरा सुजलाय. पार्लरवालीनं केसांना काय लावलं देव जाणे. उद्या घरात हळद आहे. बातमी लावा, फोटो पाठवतो."

फोटो पाहिला. पापण्या सुजून डोळे बारीक झालेले, कानामागं लाल पुरळ. चार ओळी टाकल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरल्या असत्या. आधी एवढंच म्हटलं, "ताईंना लगेच स्किनच्या डॉक्टरकडे न्या. घसा आवळला, श्वास लागला तर थेट दवाखान्यात." आणि पार्लर गाठलं.

पार्लरवाल्या ताई रडवेल्या. "भाऊ, मागच्या वर्षी यांना हाच कलर लावला होता. काही झालं नाही. म्हणून या वेळी टेस्ट केली नाही."

सगळी गोची इथंच आहे. काळ्या हेअर डायमध्ये बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही ते सापडतं. शरीर पहिल्या खेपेला ते सहन करतं, पण आतून 'ओळखून' ठेवू शकतं, आणि पुढच्या कुठल्या तरी खेपेला उसळतं. म्हणजे मागच्या वर्षी चाललं, हा यंदाचा पुरावा नाही. पीपीडी असलेल्या डायच्या खोक्यावर 'आधी चाचणी करा' हा इशारा छापणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. कलर थोडासा कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि 48 तास वाट बघायची. पण गिऱ्हाईक लग्नाच्या तीन दिवस आधी येतं, तिथं 48 तास कोण थांबतंय!

मी वही मागितली. वहीत नाव होतं, पुढं 'कलर' आणि 600 रुपये. बस्स. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, वेळ नाही. खोका दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेलेला. नशिबानं अर्धी ट्यूब उरली होती, तिच्या शेपटाला बॅच नंबर ठोकलेला.

तिथंच बसून लिहून काढलं. गुरुवारी संध्याकाळी सहाला कलर. ताईंना फोन लावून विचारलं तर खाज शुक्रवारी रात्री सुरू झालेली. ही वेळ महत्त्वाची. औषध कडक पडून भाजलं असतं तर लावतानाच किंवा थोड्याच वेळात, लावलं तिथंच आग झाली असती. एक-दीड दिवसानं पापण्या, कान, मान धरणं हे ॲलर्जीकडे बोट दाखवतं. तरी खात्रीचं निदान डॉक्टरांचंच. त्वचा शांत झाल्यावर ते पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात. 48 तासांनी पट्ट्या काढतात, पुढं एक-दोन दिवसांनी परत बघतात.

पार्लरवाल्या ताईंच्या मनात दोन विचार होते. एक, "आमच्यामुळं झालंच नाही" म्हणून हात वर करायचे. दुसरा, पैसे देऊन "तक्रार नाही" असं लिहून घ्यायचं. दोन्हीला मी नको म्हटलं. गप्प बसण्याच्या अटीवर दिलेला पैसा उद्या उलटाच दिसतो. आणि 'आम्ही जबाबदार नाही' यावर सही घेतली म्हणून निष्काळजीपणा धुतला जात नाही. त्यापेक्षा भेटायला जा, टेस्ट राहिली हे खरं सांगा, ट्यूबचा फोटो डॉक्टरांना दाखवा, औषधाचा खर्च बिलाप्रमाणे द्या आणि त्याची पावती ठेवा. स्वतःच्या मनानं कुठलंही क्रीम देऊ नका. ट्यूब जपून ठेवा, कंपनीला बॅच नंबरसह लेखी कळवा.

त्या गेल्या. भाऊ आधी तापला, मग वही पाहून निवळला. डॉक्टरांनीही ट्यूबवर पीपीडीचं नाव बघून त्याच दिशेनं उपचार केले. हळदीला ताई सुजलेल्या चेहऱ्यानंच बसल्या, त्याची भरपाई कुठल्या पावतीत होत नाही.

त्यांना आजही नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, मुदत दोन वर्षं. तिथंही कागदच बोलतो. दिल्लीतल्या एका सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याबद्दल राष्ट्रीय आयोगानं 2021 मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द करून, रक्कम पुराव्यावर ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. म्हणजे बिलं आणि फोटो गिऱ्हाईकानंही जपायचे असतात.

बातमी मी लावली नाही. दोघींना विचारून, नाव-गाव वगळून हे लिहितोय. त्या पार्लरच्या वहीत आता चार रकाने वाढलेत: कंपनी व बॅच, टेस्टची तारीख, 48 तासांनी काय दिसलं, पूर्वी काळी मेंदी किंवा डायनं खाज आली होती का. आणि खोके महिनाभर माळ्यावर राहतात. परवा एका नवरीच्या आईला त्यांनी कलर न लावता परत पाठवलं, "टेस्ट लावून जा, परवा या" म्हणून. ती बाई दुसऱ्या पार्लरला गेली. 'धंदा गेला भाऊ,' म्हणाल्या, पण वही मात्र भरून ठेवली होती.