सुधाकर नावाचा दारुडा

कंजूष माणसाला आमच्या गावात 'कर्ण' म्हणायची रीत आहे. पण तो टोमणा झाला. म्हणणाऱ्याला कळतं, ऐकणाऱ्याला कळतं, आणि ज्याला म्हटलं तोही समजून घेतो. राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त जे केलंय ते वेगळं आहे. तिथं नावातली थट्टा नाटकातल्या एकाही माणसाच्या ध्यानात येत नाही.

खांदेश्वराला रेल्वे स्टेशन नव्हतं, भोवती भातशेती होती, त्या वेळी आम्ही पोरांनी हे नाटक बसवलं. मी दहावीपर्यंत शिकलेला, वाचता बरं येतं म्हणून विंगेत पुस्तक धरून बसायचो. रोज तालमीत तीच नावं कानावर पडायची, म्हणून ही गोष्ट ध्यानात आली.

सुधा म्हंजे अमृत. सुधाकर म्हंजे चंद्र, अमृताचे किरण असलेला. नाटकातला सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी वाजतं, सनद काही काळ जाते, आणि त्या रागात तो पहिला प्याला घेतो. शेवटी त्याच्या हातून पोर जातं, बायको जाते, आणि तो दारूत विष घालून पितो. अमृताच्या नावाचा माणूस विष पिऊन मरतो. दारूच्या मंडळात भगीरथ नावाचाही एक जण आहे. ज्यानं गंगा आणली त्याचं नाव, आणि हा बसलाय बाटलीजवळ! तो पुढं सुटतो, हे त्याचं नशीब.

तळीराम मात्र उघड नाव. ते ऐकताच लोक हसतात, आणि आता तर मराठीत दारुड्यालाच तळीराम म्हणतात. सुधाकरचं तसं झालं नाही. आजही लोक पोराचं नाव सुधाकर ठेवतात.

आमचा रामलाल झालेला गडी 'सुधाकर' म्हणताना दरवेळी 'सुधा'वर जोर द्यायचा. बसवणारे मास्तर चिडायचे, "मित्राला हाक मारतोयस, अर्थ सांगत नाहीस!" बरोबरच होतं त्यांचं. जोर दिला की टोमणा होतो, आणि प्रेक्षक हसतो. नुसती हाक मारली तर नाव मनात राहतं, आणि शेवटच्या अंकात सुधाकर प्याला उचलतो तेव्हा आपोआप टोचतं. गडकरी स्वतः 1919 च्या जानेवारीत वारले. नाटक त्यांच्या मागून रंगभूमीवर आलं, गंधर्व मंडळीनं केलं, सिंधू बालगंधर्वांनी.

पुढं आमच्याकडच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, घराघरात एकरकमी पैसे आले, आणि संध्याकाळी बाटल्याही. त्याच दिवसांत देवळाच्या पटांगणात पुन्हा 'एकच प्याला' केलं. पडदा पडल्यावर सामान आवरत होतो, तर शेजारच्या आळीतली एक वहिनी थांबली. म्हणाली, "दादा, आमच्या घरच्याचं नाव पण देवाचंच हाय." नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. आमच्याकडच्या बायका घेत नाहीत.