तव्यावरची सुकी कोंबडी

फराळाच्या गोडाने तोंड मिटले, की आमच्या पालघर-बोईसरकडे पुष्कळ घरांत तवा चढतो. सुक्या कोंबडीत सारे भांडण पाण्याशी! ते तुकड्याच्या आत राहावे, बाहेर नसावे. ओला तुकडा आधी वाफेने उकडतो, मग भाजतो. तांबूस होईतो तो आतून चिवट झालेला असतो.

म्हणून तारापूरच्या आत्याबाई म्हणत, “मसाल्याआधी फडके घे, ग.” अर्धा किलो मांडीचे लहान तुकडे त्या कोरडे टिपीत आणि हाडापर्यंत चीर देत. मग चहाचा चमचाभर मीठ, हळद, दोन चमचे तिखट, आलेलसणाचे घट्ट वाटण, अर्ध्या लिंबाचा रस. मुरवायचे तासभरच. मीठ आत शिरून रस धरून ठेवते. लिंबू मात्र फार वेळ राहिले, तर वरचे मांस भुसभुशीत होते. सुटलेले पाणी निथळून तुकड्यांना चमचाभर तांदळाचे पीठ चोळावे.

लोखंडी तवा तापवून तेल सोडावे, आच मध्यम ठेवावी आणि तुकडे बोटभर अंतराने मांडावेत. चिकटलेला तुकडा ओढू नये. तांबूस झाला की आपणच सुटतो. दोन्ही बाजू चार-चार मिनिटे, मग मंद आचेवर झाकण ठेवून दहा मिनिटे. शेवटी झाकण काढून आच वाढवावी. खदखद ऐकू आली तर पाणी उरले आहे, चुरचुर हवी. हाडाजवळ सुरी टोचून रस स्वच्छ आला, की उतरवावे.

आतला रस स्थिरावायला पाच मिनिटे द्यावीत. मुले थांबली तर!