एकाशन आणि मधुमेहाची गोळी

चातुर्मासात आपल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी एकाशने करतात. आहार एकदाच होतो, मधुमेहाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे पाहत नाही. ती इन्सुलिन स्रवायला लावतच राहते. खात्यातील भरणा थांबला तरी वजावट चालूच राहावी, तसा हा प्रकार आहे.

गेल्या पर्युषणात माझ्या एकाहत्तर वर्षांच्या थोरल्या बंधूंचे एकाशन होते. सायंकाळी स्वाध्यायाला बसले असता त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. शांत स्वभावाचे दादा क्षुल्लक कारणावरून चिडले, मग एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागले. वहिनींनी ओळखले, "अहो, ही उपवासाची ग्लानी नव्हे." ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८. सत्तरच्या खाली साखर गेली की उपचार करायचाच असतो. यंत्र जवळ नसेल तर लक्षणांवरूनच साखर द्यावी.

कोणी पेढा पुढे केला; तो बाजूला ठेवला, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, ग्लुकोज पाण्यात विरघळवून दिले. सूर्यास्त झाला होता, म्हणून दादा क्षणभर थांबले. "हा आहार नाही, औषध आहे," असे वहिनींनी म्हणताच ते प्याले. पंधरा मिनिटांनी आकडा ६६ होता. पुन्हा तेवढेच ग्लुकोज दिले आणि आणखी पंधरा मिनिटांनी आकडा ९२ झाला. डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांच्या सांगण्यावरून दूध-पोळी दिली, कारण या गोळीचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. त्यासाठी रात्रीही तपासणी केली. पुढील एकाशनांसाठी गोळीची मात्रा आणि वेळ त्यांनीच ठरवून दिली.

घरात साधी साखर असली तरी बहुधा काम भागते. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना ग्लुकोजच द्यावे, कारण ही औषधे साध्या साखरेचे पचन लांबवतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते, घाम मात्र दिसतो. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला बोलवावे.

व्रताचा संकल्प करण्यापूर्वी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड वा इन्सुलिन घेणाऱ्यास अधिक. आमच्या घरी आता स्वाध्यायाच्या चौरंगाजवळ ग्लुकोजची पुडी ठेवलेली असते.