बधाईचा बेअरर चेक

आमच्या पांढुर्ण्याकडे बढतीची बातमी आता पेढ्यांच्या आधी मोबाईलवर येते. निकाल लागला की कोणीतरी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतं, आणि मग सुरू होतं – ‘बधाई हो’, ‘काँग्रॅट्स’, ‘खूप खूप अभिनंदन’, दोन हात जोडलेले, एक पुष्पगुच्छ, आणि कोणी तरी मागच्या वाढदिवसाचाच केक पुन्हा पाठवतो. वाईट काहीच नाही त्यात. पण मी पस्तीसेक वर्षं बँकेत काढली, त्यामुळे मला हे सगळे बेअरर चेक वाटतात. ज्याच्या हाती पडला त्याने वटवावा. नाव बदललं तरी मजकूर तोच. अभिनंदन कसं, दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ केलेलं पाहिजे, त्या एकाच माणसाच्या खात्यात जमा होणारं.

मागे माझ्या भाचीला स्केल एकमधून स्केल दोन मिळालं. ती एका सरकारी बँकेत कृषी अधिकारी आहे आणि आपल्याच संत्र्याच्या पट्ट्यात तिची शाखा होती. मी ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या. त्याला कारण आहे. त्याच ग्रुपवर आमच्या नात्यातला एक मुलगा त्याच परीक्षेला बसला होता आणि इंटरव्ह्यूत राहिला होता. चारचौघांत एकाच्या बढतीवर पोवाडा गायला की दुसऱ्याच्या ताटात खडा पडतो. लांब पत्र लिहायचं ते ज्याचं त्याला.

संध्याकाळी फोन केला. ‘कशी झाली गं बढती?’ असं विचारलं तर उत्तर ‘देवाची कृपा’ असंच येणार, म्हणून तसं विचारलं नाही. मी विचारलं, ‘मागच्या वर्षी शाखेत असं कोणतं काम केलंस, जे तू केलं नसतं तर झालंच नसतं?’

ती म्हणाली, ‘काही विशेष नाही मामाजी. सकाळी सकाळी फोन करत होते लोकांना.’

‘कोणाला?’

‘केसीसीवाल्यांना. तारीख जवळ आली की.’

मंडळी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज असतं. मुदतीत परत केलं तर त्यातले तीन टक्के सरकार सोडतं, म्हणजे पडतं चार टक्के. तारीख हुकली की ती सूट गेली. दोन लाखांच्या कर्जावर वर्षाचे सहा हजार रुपये. शेतकऱ्याकडे पैसे नसतात असंही नेहमी नसतं. बगिच्याचा व्यवहार, मजुरी, लग्नकार्य यात तारीख डोक्यातून जाते. ही पोरगी काउंटर उघडायच्या आधी यादी घेऊन बसायची आणि ज्यांची तारीख पंधरा दिवसांवर आहे त्यांना फोन लावायची. हे काम तिच्याकडून कोणी मागितलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, ‘काही विशेष नाही’ कसं?

दुसरा प्रश्न पोस्टिंगचा. बँकेत निकाल आधी लागतो आणि बदलीचा आदेश मागून येतो, आणि बढतीबरोबर बहुतेक वेळा गाव सुटतंच. तिला राज्याबाहेर जायचं होतं, आणि मुलगा चौथीत. ज्या घरात आनंद आणि सामान बांधायची चिंता एकदमच आली आहे, तिथे नुसते फटाके लावणारं पत्र परक्यासारखं वाटतं.

पहिल्या खर्ड्यात मी सवयीने ‘तुझी मेहनत, प्रामाणिकपणा आणि जिद्द’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. खोटं होतं म्हणून नव्हे. हे वाक्य पोस्टातल्या बाबूलाही चाललं असतं, एवढंच. मग पत्र असं झालं:

‘चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद. स्केल दोनचं मनापासून अभिनंदन. तू सकाळी यादी घेऊन फोन करायचीस, हे मला परवा कळलं. दोन लाखांचं कर्ज वेळेत भरलं तर घरात सहा हजार रुपये उरतात. संत्र्याला भाव नसलेल्या वर्षी ते किती असतात, हे मी काउंटरच्या या बाजूने पाहिलेलं आहे. नव्या शाखेत तुला भाषा वेगळी लागेल आणि पीकही वेगळं असेल, पण तारखांची यादी तिथेही असेलच. मुलाच्या शाळेचं ठरेपर्यंत त्याला आमच्याकडे ठेवायचं असेल तर मामी तयार आहे. – मामाजी’

यात एकाही शेतकऱ्याचं नाव नाही, गाव नाही, खात्याची रक्कम नाही. सहा हजारांचा हिशेब सगळ्यांना लागू आहे, तो कोणाच्या खात्यातून काढलेला नाही. बँकवाल्याचं कौतुक करताना ग्राहकाची गोष्ट उघडी करायची नाही, हे सांभाळावं लागतं. असं पत्र पुढे वरिष्ठांच्या टेबलावरही जातं. आणि शेवटी ‘आमच्या पिंटूच्या लोनचं बघ’ असली ओळ तर नकोच. तिथे अभिनंदनाचा अर्ज होतो.

नोकरीच्या वर्षपूर्तीचं प्रकरण थोडं वेगळं. बढतीला निदान एक ताजी घटना असते. वर्षपूर्तीला त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं, म्हणून मागे जावं लागतं. आणि मागे जाताना मोबाईलवर विसंबून चालत नाही. एका जुन्या सहकाऱ्याच्या नावाने मला लिंक्डइनवर सूचना आली, नोकरीला पाच वर्षं पूर्ण, अभिनंदन करा. खाली तयार वाक्य, नुसतं बोट लावायचं. अहो, हा माणूस १९९४ सालचा! त्याच्या बँकेचं १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणात नाव बदललं. त्याने नवीन नावासमोर नवीन तारीख भरली, आणि यंत्राने तिथून मोजलं. तीस वर्षांच्या माणसाला पाच वर्षांच्या शुभेच्छा चाळीस जणांनी दिल्या होत्या.

मी त्याला हिंदीत लिहिलं, कारण तो इटारसीकडचा आणि आमचा ऑफिसचा सगळा व्यवहार हिंदीतच. घरी मराठी, खुर्चीवर हिंदी, ही आपल्याकडची रीतच आहे. ‘आप’ लिहिलं, वयाने लहान असला तरी आज तो मुख्य प्रबंधक आहे आणि पत्र कोणीही वाचू शकतं. मजकूर मात्र लेजरच्या काळातला. नवीन क्लार्क म्हणून आला त्या वर्षी आमचं सेव्हिंगचं बॅलन्सिंग सत्तावीसशे रुपयांनी अडलं होतं. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, सगळे पुन्हा बेरजा करताहेत, आणि हा पोरगा म्हणाला की सत्तावीसशेला नऊने भाग जातो, म्हणजे बेरीज नाही, आकडे उलटे पडले असतील. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच. उलटं खरं नसतं, फरक नवाने भागला म्हणून तीच चूक असेल असं नाही. पण शोधायला दिशा मिळते. शेवटी ८,५४० च्या जागी ५,८४० निघाले, आणि आम्ही जेवायला घरी गेलो.

एवढंच लिहिलं, आणि खाली, ‘तीस वर्षं झाली, पाच नव्हे.’

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. लिंक्डइनवरची तारीख दुरुस्त केली म्हणाला. मग विचारू लागला की त्या रात्री पोहे कोणी आणले होते, आपल्या शिपायाने की समोरच्या हॉटेलवाल्याने. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.