व्हॅनवाल्या काकांना निरोप : ‘आठवडाभर येणार नाही’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

पालक मित्रांनो, आज पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक धडा घेऊ. पत्रलेखन आपण मुलांना शिकवतो. मायना, विषय, मजकूर, आपला विश्वासू, सगळं नीट जमतं. पण घरोघरी वर्षातून दोनतीनदा लिहिला जाणारा एक छोटासा निरोप मात्र कोणी शिकवत नाही. तो म्हणजे शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना पाठवायचा : मूल आठवडाभर येणार नाही, आणि अमुक दिवसापासून पुन्हा येईल.

तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचं? दोन ओळी टाकल्या की झालं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण शाळा सुटताना फाटकावर उभं राहायची पाळी माझ्याकडे आली आणि त्या दोन ओळींचं पुढे काय होतं ते रोज दिसू लागलं.

व्हॅनवाल्यांचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा वेगळं असतं. त्यांच्या डोक्यात मुलांची यादी नसते, थांब्यांची माळ असते. एक मणी निघाला की पुढचे सगळे सरकतात. तुमचं मूल नसेल तर काका तुमच्या गल्लीत वळतच नाहीत. मग पुढच्या थांब्यावर ते चारपाच मिनिटं आधी पोहोचतात, आणि तिथल्या पालकांना तशी वेळ सांगतात. म्हणून सुट्टी कधी सुरू होते हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कधी संपते हेही. पुन्हा तुमच्या गल्लीत वळायचं तर मागच्या सगळ्यांची वेळ आदल्या दिवशी बदलावी लागते.

निरोप पाठवताना पालक सुट्टीची सुरुवात नीट सांगतात, शेवट मात्र मोघम ठेवतात. खरी गडबड त्या मोघमपणात होते.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगते. तिसरीतली एक मुलगी. घरी लग्न होतं, सगळे गावी निघाले होते. आईने गुरुवारी, १२ फेब्रुवारीला संध्याकाळी काकांना लिहिलं, “काका, उद्यापासून आठवडाभर ती येणार नाही. गावी चाललोय.” काकांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. दोघांनाही वाटलं, झालं काम.

आता हिशोब बघा. आईच्या मनात आठवडा म्हणजे सात दिवस. शुक्रवार १३ पासून गुरुवार १९ पर्यंत. १९ला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून शुक्रवार २०ला शाळा. काकांनी मात्र वेगळा विचार केला. १९ची सुट्टी, मध्ये शुक्रवार-शनिवार दोनच दिवस, मग रविवार. त्या दोन दिवसांसाठी गावाहून कोण परत येतं? सोमवारी २३लाच येईल. दोघांचंही बोलणं त्यांच्या त्यांच्या जागी बरोबर होतं. ‘आठवडाभर’ या एका शब्दात दोन वेगळ्या तारखा मावल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी व्हॅन आली नाही. वडिलांना वाटलं, काका विसरले असतील. ते मुलीला स्कूटरवरून सोडून कामावर गेले. येताना व्हॅन आहेच, हे त्यांनी गृहीत धरलं. दुपारी साडेबाराला शाळा सुटली. काकांनी आपली मुलं मोजली, त्यांच्या हिशोबाने संख्या बरोबर भरली आणि गाडी निघाली. आणि ही पोरगी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून फाटकाशी उभी. “आमची व्हॅन गेली का हो बाई?” एवढंच तिने विचारलं. तिला मी आत बसवलं, घरी फोन लावला. वडील येईपर्यंत पाऊण तास गेला. काही वाईट घडलं नाही, कारण ती रडत बाहेर रस्त्यावर गेली नाही.

या प्रसंगातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. सकाळची फेरी चुकली तर मूल घरी तुमच्याजवळ असतं. फार तर शाळेला उशीर होतो. दुपारची फेरी चुकली तर मूल एकटं असतं. म्हणून सकाळी व्हॅन आली नाही आणि तुम्ही स्वतः मुलाला सोडलं, तर लगेच काकांना विचारायचं, ‘दुपारी तुम्ही आणताय ना?’ सकाळ आणि दुपार या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. एकीबद्दल सांगितलं म्हणजे दुसरीबद्दल सांगितलं असं होत नाही.

आता तोच निरोप नीट लिहून पाहू. मुलीचं नाव आपण सई धरू.

“नमस्कार काका. मी सईची आई, तिसरी ब, मारुती मंदिराजवळचा थांबा.
आज गुरुवार, १२ फेब्रुवारी. सई दुपारी नेहमीसारखी व्हॅनने घरी येईल.
शुक्रवार १३ फेब्रुवारी ते गुरुवार १९ फेब्रुवारी सई येणार नाही. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा गाडी थांबवू नका.
शुक्रवार २० फेब्रुवारीला सकाळपासून सई पुन्हा येईल, दोन्ही फेऱ्यांना.
वाचलंत की ‘शुक्रवार २० पासून’ एवढं लिहून पाठवा.”

हा निरोप गुरुवारी सकाळी, मूल शाळेत पोहोचल्यावर पाठवलेला आहे. त्यात ‘आठवडा’ हा शब्द कुठेच नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. शेवटची फेरी, न येण्याचा पहिला आणि शेवटचा दिवस, आणि परत येण्याचा दिवस, एवढं सांगितलं की मोजायचं काही उरत नाही. प्रत्येक तारखेबरोबर वारही लिहिलाय. तारीख टाइप करताना बोट चुकलं, २०च्या जागी २१ पडलं, तर वार जुळत नाही आणि समोरचा माणूस विचारतो. नुसती तारीख असेल तर चूक तशीच पुढे जाते.

‘१९ फेब्रुवारीपर्यंत’ एवढंच लिहून थांबू नका. आपल्या बोलण्यात ‘पर्यंत’ फसवा आहे. १९ला यायचं की २०ला, हे ऐकणारा आपापल्या परीने ठरवतो. ‘२०ला सकाळपासून येईल’ या वाक्यात तशी सोय नाही.

मजकुरातली शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त कामाची वाटते. अंगठ्याच्या चित्राचा अर्थ ‘पाहिलं’ एवढाच होतो. काय कळलं, ते त्यातून समजत नाही. काकांनी स्वतःच्या बोटांनी ‘शुक्रवार २०’ लिहिलं, म्हणजे तारीख त्यांच्या डोक्यातून गेली. वरच्या प्रसंगात तेवढं मागितलं असतं तर काकांनी ‘सोमवार २३’ लिहिलं असतं आणि गैरसमज तिथेच उघडा पडला असता. काकांना वाचायची सवय नसेल तर फोन करा, पण त्यांच्याकडून तारीख वदवून घ्या. “कोणत्या दिवशी येणार म्हणालात?” हा प्रश्न ‘समजलं ना?’पेक्षा शंभरपट बरा. फोन मात्र फेरीच्या वेळी करू नका, तेव्हा ते गाडी चालवत असतात.

निरोप कोणाला पाठवायचा, हेही बघावं लागतं. पुष्कळदा व्हॅनचे मालक एक आणि गाडी चालवणारे दुसरे असतात. पैसे आपण मालकांना देतो, म्हणून निरोपही त्यांनाच जातो आणि तिथेच राहतो. दोघांनाही पाठवा. गाडीत मदतनीस मावशी असतील तर त्यांनाही सांगा, कारण मुलं मोजण्याचं काम बहुतेक त्याच करतात.

पालकांच्या सामायिक ग्रुपवर मात्र हा निरोप टाकू नका. तिथे तो वीस शुभ सकाळांखाली गाडला जातो, हे एक. दुसरं म्हणजे ‘आम्ही १३ ते १९ गावी आहोत’ हे वाचून तुमचं घर इतके दिवस बंद आहे, ही बातमी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना मिळते. व्हॅनवाल्यांना गावाचं, लग्नाचं कारण सांगायची गरजही नसते. त्यांना तारखा पुरतात.

शाळेला रजेचा अर्ज दिलाय, म्हणजे व्हॅनला कळलं असेल, असंही समजू नका. अर्ज वर्गशिक्षकांकडे जातो, व्हॅन बाहेर उभी असते. ही दोन वेगळी टोकं आहेत, दोन्हीकडे सांगावं लागतं.

आजारपणात आणखी एक अडचण येते. परतीची तारीखच माहीत नसते. कांजिण्या आल्या, तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवायचं नसतं, आणि तो दिवस कोणता हे आधी कोण सांगणार? अशा वेळी अंदाजाने तारीख देऊ नका. त्याऐवजी असं लिहा : “परत कधी येणार ते बुधवारी संध्याकाळी कळवते. मी कळवेपर्यंत गाडी थांबवू नका.” परतीची तारीख नसली तरी कळवण्याची तारीख देता येतेच. काकांनाही रोज विचारावं लागत नाही.

आणि ठरलेली तारीख बदलली तर? गाडीचं आरक्षण मिळालं नाही, मुक्काम वाढला. मग आधी जुनी तारीख रद्द करा, नंतर नवी द्या. “काका, २० फेब्रुवारी रद्द. सई आता सोमवारी, २३ फेब्रुवारीला सकाळपासून येईल.” नुसती नवी तारीख लिहिली तर काकांकडे दोन निरोप राहतात, आणि त्या दिवशी बदली चालक असेल तर त्याला नेमका जुना सांगितला जाऊ शकतो.

पैशांचा विषय या निरोपात घालू नका. व्हॅनचे पैसे बहुधा महिन्याचे ठरलेले असतात आणि आठवड्याच्या गैरहजेरीसाठी ते सहसा कमी होत नाहीत, कारण तुमच्या मुलाची जागा राखून ठेवलेली असते. तरी विचारायचं असेल तर वेगळं विचारा. एकाच निरोपात तारीख आणि पैसे आले की उत्तर पैशांचं येतं, तारीख मागे पडते.

शेवटचं काम परतीच्या आदल्या दिवशीचं. सात दिवसांपूर्वीचा निरोप कितीही नेटका असला तरी मधल्या काळात काकांना शंभर निरोप आलेले असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी सातआठच्या सुमारास, म्हणजे काका उद्याच्या वेळा ठरवत असताना, एक ओळ टाका : “काका, उद्या शुक्रवार २० फेब्रुवारी. सई सकाळी थांब्यावर उभी असेल, दुपारीही तुमच्याबरोबरच परत येईल.” उत्तर आलं नाही तर तासाभराने फोन करा. आणि फोनही लागला नाही, तर त्या दिवशी सकाळी सोडायचं आणि दुपारी आणायचं, दोन्ही तुमच्याकडे आहे असं धरून चाला.